हुरूप आणि थकव्याची नोंदवही: या चुका टाळा

आपल्याला कोणतं काम मानवतं हे शोधायला आठवडाभर कामांची नोंद ठेवायची, कशाने हुरूप आला आणि कशाने जीव मेटाकुटीला आला ते लिहायचं. कल्पना सोपी आहे, म्हणूनच बहुतेक वह्या बिघडतात.

सगळ्यात जास्त घोळ एकाच चुकीने होतो. नोंदीत कृती लिहायची सोडून लोक कामाचं नाव लिहितात. 'मीटिंग', 'ईमेल', 'रिपोर्ट', 'क्लायंट'. मीटिंगमध्ये तुम्ही नेमकं काय करत होतात? ऐकत होतात, वाद मिटवत होतात की आकडे वाचून दाखवत होतात?

एक नमुना बघा. कार्यालयात समन्वयाचं काम करणाऱ्या एका बाईंच्या वहीत 'मीटिंग' सहा वेळा होती, आणि प्रत्येकीपुढे हुरूप किती वाढला किंवा घटला त्याचा आकडा होता: –२, +२, –१, –२, +२, +१. बेरीज शून्य. त्यावरून 'मीटिंगचं मला काही वाटत नाही' असा निष्कर्ष निघाला, आणि तो साफ चुकीचा होता. त्याच सहा नोंदी क्रियापदाने लिहिल्यावर चित्र पालटलं. चौघांच्या वेळा जुळवणं आणि रखडलेल्या कामाचा पाठपुरावा करणं, दोन्ही –२. वरिष्ठांना प्रगती वाचून दाखवणं –१. नव्या सहकाऱ्याला रिपोर्ट वाचायला शिकवणं दोनदा आलं, दोन्ही वेळा +२. एकाची तक्रार शांतपणे ऐकून मार्ग काढणं +१.

इथे दुसरा खड्डा असतो. 'शिकवणं आवडतं' म्हणून बाई प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करायला निघाल्या. पण शिकवताना समोर एकच माणूस होता. मग हुरूप शिकवण्याचा होता की एकाशी निवांत बोलण्याचा? हे वहीतून कळत नव्हतं, म्हणून पुढच्या आठवड्यात मुद्दाम एकच गोष्ट बदलली: तोच रिपोर्ट बारा जणांना एकत्र शिकवला. नोंद –१. तक्रारीच्या नोंदीत शिकवणं नव्हतं, समोर माणूस मात्र एकच होता, आणि तिथे +१ होता. दोन्ही नोंदी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. वर्गभर माणसांसमोर उभं राहायची नोकरी त्यांना पिळून काढणार होती. एका नोंदीवर पक्कं ठरवू नये, पण अर्ज थांबवायला एवढं पुरेसं होतं.

म्हणून प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: क्रियापद, समोर किती आणि कोण माणसं, वेळ, आणि कामाआधीचा व नंतरचा हुरूपाचा आकडा. आकडे १ ते ५ ठेवा आणि फरक लिहा. आधी ४, नंतर २, म्हणजे –२. नुसता नंतरचा आकडा लिहिलात तर आधीच्या कामाचा शीण या कामाच्या माथी मारला जातो. दहापर्यंतचं माप नको. ६ आणि ७ मधला फरक आठवडाभर सारखा राहत नाही.

दुसरी नावडती चूक म्हणजे रविवारी रात्री आठवून वही भरणं. हा आळस आहे, त्याला सोय म्हणू नका. आठवण सरासरी काढत नाही. ती तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवते. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या बोचऱ्या थंड पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेवढंच करून वर ३० सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. शेवट जरा सुसह्य होता एवढ्यावर. तुमच्या वहीतही तेच होतं. तीन तास कंटाळवाणं काम आणि शेवटी शाबासकी, की रविवारी ते काम 'छान' होतं. काम संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत एक ओळ लिहा. दिवसाला पाच-सहा नोंदी पुरतात; रविवार फक्त वाचायला ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. झोप नीट झाली नसेल तर त्या दिवसावर खूण करा आणि वाचताना त्या नोंदी वेगळ्या काढा, नाहीतर दोष कामाला लागतो. अंगाचा थकवा म्हणजे मरगळ नव्हे: दमलात, पण पुन्हा करावंसं वाटतंय, तर तो हुरूपच. हातखंडा असलेलं काम आवडतं असेलच असं नाही, तेव्हा कौतुकाची नोंद वेगळ्या रकान्यात करा.

आणि एका आठवड्यावर राजीनामा लिहायला बसणारे उतावळे! किमान तीन आठवडे लिहा, त्यात महिनाअखेरची धावपळ एकदा तरी येऊ द्या. एकच कृती तीनदा त्याच चिन्हाची आली, तीही वेगवेगळ्या दिवशी, तरच ती धरा. जी कृती कधी +२ तर कधी –२ येते तिला कंटाळून खोडू नका. तिथे माणूस, वेळ किंवा संख्या यांपैकी काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं. पुढच्या आठवड्यात फक्त त्याच कृतीच्या नोंदी सविस्तर करा.