नैसर्गिक साबणाच्या वेष्टनावरील दावे: या चुका टाळा

उदाहरणादाखल एका साबणवडीचे वेष्टन डोळ्यांसमोर आणू या. त्यावर पाच दावे छापले आहेत: ‘१०० टक्के नैसर्गिक’, ‘केमिकल-फ्री’, ‘एसएलएस-मुक्त’, ‘वेष्टन जैवविघटनशील’ आणि ‘२० टक्के कमी प्लास्टिक’. यांतील बहुतेक दाव्यांमागे सत्याचा काही अंश आहे, आणि ग्रीनवॉशिंग, म्हणजे उत्पादन आहे त्याहून अधिक पर्यावरणपूरक भासवणे, ओळखणे अवघड जाते ते याच कारणाने. असे वेष्टन लिहिणारे अनेक छोटे उत्पादक अप्रामाणिक नसतात. बाजारात रुळलेले शब्द ते तसेच उचलतात. म्हणून हे दावे उत्पादनाच्या कृतीशी ताडून पाहणे ग्राहकाइतकेच उत्पादकाच्याही हिताचे आहे.

ही वडी ३०० ग्रॅम खोबरेल तेल, ७०० ग्रॅम ऑलिव्ह तेल, सुमारे १४२ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ३०० ग्रॅम पाणी आणि २० ग्रॅम लव्हेंडरचे सुगंधी तेल यांपासून तयार होते, असे धरू.

‘केमिकल-फ्री’ आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आणि ते मिठाच्या पाण्यातून विद्युतप्रवाह सोडून कारखान्यात तयार करतात. तेलाशी त्याची रासायनिक अभिक्रिया झाल्याशिवाय साबण होतच नाही. योग्य प्रमाण राखले आणि अभिक्रिया पूर्ण होऊ दिली, तर तयार वडीत मोकळा कॉस्टिक सोडा उरत नाही, हे खरे. परंतु त्यामुळे वडी ‘केमिकल-फ्री’ ठरत नाही, कारण साबण स्वतःच एक रासायनिक पदार्थ आहे, आणि पाणीसुद्धा. या दाव्यात दुरुस्ती करण्यासारखे काही नाही, तो काढूनच टाकावा.

‘१०० टक्के नैसर्गिक’ हा दावा थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. साबण निसर्गात तयार सापडत नाही, पण त्यातला मोठा भाग वनस्पती तेलांतून येतो. सौंदर्यप्रसाधनांसाठीचे आयएसओ १६१२८ हे मानक ‘नैसर्गिक’ आणि ‘नैसर्गिक पदार्थापासून साधित’ असे दोन वेगळे गट करते आणि प्रत्येक घटकाचा नैसर्गिक उगमाचा निर्देशांक काढण्याची पद्धत देते. येथे दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की अर्ध्याहून अधिक वजन नैसर्गिक उगमाचे असलेला घटकही ‘साधित’ गटात बसू शकतो. दुसरी मर्यादा पाण्याची: हा निर्देशांक मिसळलेले पाणी धरून किंवा वगळून, असा दोन्ही प्रकारे सांगता येतो. ज्या द्रव शाम्पूत ८० टक्के पाणी आहे, तो केवळ पाण्याच्या जोरावर ‘८० टक्के नैसर्गिक उगमाचा’ ठरू शकतो. त्यामुळे अशा टक्केवारीखाली ‘पाणी धरून’ किंवा ‘पाणी वगळून’ असे लिहिलेले नसेल, तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. आपल्या वडीसाठी ‘खोबरेल व ऑलिव्ह तेलापासून तयार केलेला साबण’ हे साधे विधान पुरेसे आहे, आणि ते ‘१०० टक्के’पेक्षा अधिक माहिती देते.

याच ओघात येणारी दुसरी चूक म्हणजे ‘नैसर्गिक, म्हणून सौम्य’ हे गृहीतक. लव्हेंडरच्या तेलात लिनालूल हा घटक मोठ्या प्रमाणात असतो, आणि तो काहींच्या त्वचेला त्रासदायक ठरू शकतो. युरोपीय नियमांनुसार धुऊन टाकायच्या उत्पादनात लिनालूल ०.०१ टक्क्याहून अधिक असल्यास घटकसूचीत त्याचे नाव द्यावे लागते. आपल्या वडीत सुगंधी तेल एक टक्क्याहून अधिक आहे, त्यामुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. नियम लागू असो वा नसो, हे नाव छापणे प्रामाणिकपणाचे आहे.

‘एसएलएस-मुक्त’

हा दावा खरा आहे, पण त्याचा उपयोग नाही. एसएलएस हा कृत्रिम फेसकारी घटक आहे, आणि तेल व कॉस्टिक सोडा यांपासून केलेल्या अशा साबणात त्याची गरजच नसते. स्वयंघोषित पर्यावरणीय दाव्यांसाठीचे आयएसओ १४०२१ हे मानक त्या प्रकारच्या उत्पादनात कधीच नसणाऱ्या घटकाच्या अभावावर दावा करू नये, असे सांगते. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’ असे मोघम शब्दही त्याला मान्य नाहीत. हा दावा वाचून इतर साबणांत एसएलएस असतेच, असा समज होतो, आणि दिशाभूल नेमकी तेथे होते.

‘वेष्टन जैवविघटनशील’

येथे विचारायचा प्रश्न असा: कोणत्या परिस्थितीत आणि किती काळात? युरोपीय मानक ईएन १३४३२ नुसार औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये वेष्टनाचे ९० टक्के जैवविघटन सहा महिन्यांच्या आत व्हावे लागते, आणि १२ आठवड्यांत त्याचे तुकडे पुरेसे बारीक व्हावे लागतात. अशा केंद्रात तापमान सुमारे ५८ अंश सेल्सिअस असते. घरच्या कंपोस्ट खड्ड्यात, नाल्यात किंवा समुद्रात तशी परिस्थिती नसते. म्हणून ‘औद्योगिक कंपोस्टिंगसाठी प्रमाणित, घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नये’ असे लिहावे, आणि प्रमाणपत्राचा क्रमांक द्यावा. प्रमाणपत्र नसेल, तर वेष्टन कशाचे आहे एवढेच सांगावे.

‘२० टक्के कमी प्लास्टिक’

या दाव्याला मी सर्वांत अधिक वेळ देतो, कारण यातील चूक आकड्यामागे दडते आणि लिहिणाऱ्यालाही कळत नाही. पूर्वीची वडी १०० ग्रॅमची होती आणि तिच्या वेष्टनात १० ग्रॅम प्लास्टिक होते, असे समजू. आता वडी ७५ ग्रॅमची आहे आणि वेष्टनात ८ ग्रॅम प्लास्टिक आहे. वेष्टनावेष्टनाची तुलना केली, तर २० टक्के घट खरीच आहे. मात्र ग्राहक साबण वापरतो, वेष्टन नव्हे. १०० ग्रॅम साबणामागे आता सुमारे १०.७ ग्रॅम प्लास्टिक लागते, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ७ टक्के वाढ झाली. तुलनेचा दावा करताना आधार सांगणे आवश्यक असते: कोणत्या वेष्टनाशी, कोणत्या वर्षीच्या, आणि किती उत्पादनामागे. या उदाहरणात दावा मागे घ्यावा लागेल, कारण कोणत्याही प्रामाणिक आधारावर तो टिकत नाही.

दावा कसा लिहावा

वाक्य लिहून मग पुरावा शोधण्याची सवय सोडून क्रम उलटा करावा. एका कागदावर डावीकडे उपलब्ध पुरावा लिहावा, म्हणजे घटकांचे वजन, पुरवठादाराचे कागद, प्रमाणपत्र. आणि उजवीकडे त्या पुराव्यातून जेवढे सिद्ध होते, तेवढेच वाक्य लिहावे. आपल्या वडीचे वेष्टन मग असे होते: ‘खोबरेल व ऑलिव्ह तेलापासून तयार केलेला साबण. सुगंधासाठी लव्हेंडर तेल. त्यात लिनालूल असते. बाह्य वेष्टन औद्योगिक कंपोस्टिंगसाठी प्रमाणित.’ यातले शेवटचे वाक्य प्रमाणपत्र हाती असेल तरच छापावे. पुरवठादार, तेल किंवा वेष्टनाचा माल बदलला, की हा कागद पुन्हा तपासावा आणि जुन्या मजकुराची छपाई तोवर थांबवावी.