बीटचा रंग कधी सुटतो? पेशीपटलावर तापमानाचा परिणाम घरी कसा तपासावा

बीटच्या चकत्या वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात बुडवायच्या आणि किती रंग सुटतो ते पाहायचं, हा प्रयोग अनेक शाळा-कॉलेजांत होतो. त्याचा नेहमीचा खुलासा असा: उष्णतेने पेशीपटल जास्त प्रवाही होतं, म्हणून रंग गळतो. हा खुलासा अर्धवट आहे, आणि प्रयोग नीट मांडला तर तो स्वतःच ते दाखवून देतो.

बीटचा लाल-जांभळा रंग म्हणजे बीटानिन. ते पेशीच्या आतल्या मोठ्या रिक्तिकेत पाण्यात विरघळलेलं असतं. बाहेर यायचं तर त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात, आधी रिक्तिकेचं आणि मग पेशीचं. दोन्ही पटलं फॉस्फोलिपिडच्या दुहेरी थराची असतात. लिपिडची पाणीप्रिय डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना आणि तेलकट शेपट्या आत, आणि या थरात ठिकठिकाणी प्रथिनं रुतलेली. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं द्रव-मोझेक मॉडेल ते हेच. बीटानिनचा रेणू बऱ्यापैकी मोठा आणि विद्युतभारित असल्याने तेलकट भागातून तो जवळजवळ जातच नाही. म्हणून बाहेर दिसलेला रंग हा पटल निकामी झाल्याचा चांगला पुरावा ठरतो.

आदल्या दिवशीची तयारी

एक कच्चं, घट्ट, ताजं बीट घ्या. मऊ पडलेल्या बीटच्या पेशी आधीच गळत असतात. साल काढून बीटच्या १ सेंमी जाडीच्या चौकोनी कांड्या कापा आणि त्यांचे ३ मिमी जाडीचे तुकडे करा. निदान २४ तुकडे हवेत. बीटमध्ये गडद आणि फिकी वर्तुळं असतात, त्यामुळे सगळे तुकडे शक्यतो एकाच गडद पट्ट्यातून घ्या, नाहीतर तापमानाऐवजी वर्तुळांतलाच फरक मोजला जाईल.

जाडी ३ मिमी ठेवण्याला कारण आहे. १ सेंमीचा घन दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवला तर त्याचं केंद्र बाहेरच्या भागापेक्षा बरंच उशिरा तापतं. पातळ तुकडा मात्र अर्ध्या मिनिटात आतपर्यंत पाण्याच्या तापमानाच्या जवळ पोहोचतो.

कापताना सुरीखाली आलेल्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लगेच बाहेर येतो. तो निघून जायला हवा. तुकडे तीन-चार वेळा पाणी बदलून धुवा, मग भरपूर पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. धुतलेल्यांपैकी तीन तुकडे मात्र वेगळे काढून डबीत घालून फ्रीजरमध्ये टाका. ते पुढे मोजपट्टी म्हणून लागतील.

भांडी साबणाचा अंशही राहणार नाही अशी विसळून घ्या. भांडी घासायच्या साबणाचे रेणू लिपिडच्या थरात शिरून तो विरघळवतात. थंड पाण्यातल्या तुकड्यांतूनही रंग येत असेल तर पहिला संशय साबणावर घ्यावा, दुसरा अपुऱ्या धुण्यावर.

प्रयोगाचा दिवस

तुकड्यांचं पाणी बदला आणि दहा मिनिटांनी पाहा. पाणी स्वच्छ राहिलं असेल तरच पुढे जा.

सहा वाट्यांत प्रत्येकी १० मिली साधं पाणी घ्या. सुई नसलेल्या औषधाच्या सिरिंजने ते अचूक मोजता येतं. वाट्यांवर तापमानं लिहून ठेवा: ५, खोलीचं, ४०, ५०, ६० आणि ७० अंश सेल्सिअस. तापमापी स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा हवा. तापाचा थर्मामीटर साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजतो, आणि काचेचा असेल तर गरम पाण्यात फुटतो.

आता मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी ७१ अंशांपर्यंत तापवा आणि गॅस बंद करा. तीन तुकडे चहाच्या गाळणीत घेऊन बरोबर दोन मिनिटं पाण्यात बुडवा, काढा, थेंब झटका आणि ‘७०’ लिहिलेल्या वाटीतल्या थंड पाण्यात टाका. मग पातेल्यात थंड पाणी घालत ६१, ५१ आणि ४१ अंशांवर उतरा आणि दर टप्प्याला नवे तीन तुकडे तसेच बुडवा. वरून खाली येणं सोपं जातं, कारण चढत्या क्रमाने तापवताना आच हवी तिथे थांबत नाही. दोन लिटर पाणी दोन मिनिटांत फार निवत नाही, पण छोट्या भांड्यात हाच आकडा बराच घसरतो. शेवटी तीन तुकडे खोलीच्या तापमानाच्या पाण्यात आणि तीन बर्फ घालून ५ अंशांपर्यंत थंड केलेल्या पाण्यात बुडवा.

प्रत्येक वाटी २० मिनिटं ठेवा, मधूनमधून हलवा, आणि वेळ झाली की तुकडे काढून टाका. फ्रीजरमधले तुकडे एका वाटीत पूर्ण वितळू द्या, सुटलेल्या रसासकट त्यांच्यावर १० मिली पाणी घाला आणि तेही २० मिनिटं ठेवा.

रंग मोजायचा कसा

‘गडद’ आणि ‘फिकट’ म्हणून भागत नाही. फ्रीजरच्या तुकड्यांचं पाणी १०० धरा. त्यातलं ५ मिली दुसऱ्या ग्लासात घेऊन ५ मिली पाणी मिसळा, म्हणजे ५० झालं. त्यातलं ५ मिली काढून तसंच पुढे केलं की २५, मग साधारण १२ आणि ६ मिळतात. शेवटच्या ग्लासातलं जादा ५ मिली ओतून द्या. सहाही वाट्यांतलं ५-५ मिली पाणी तशाच ग्लासांत घाला, पांढऱ्या कागदावर मांडा आणि वरून पाहून कुठल्या पायरीच्या जवळ बसतं ते लिहा. ग्लास आणि पाण्याची उंची सारखीच हवी, कारण खोल पाणी नेहमी गडद दिसतं. कॉलेजात कलरिमीटर असेल तर हिरवा फिल्टर, म्हणजे ५३० ते ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा, वापरा.

५ अंशांपासून ४० अंशांपर्यंतचं पाणी जवळजवळ रंगहीन किंवा पुसट गुलाबी राहतं. ५० आणि ६० च्या दरम्यान कुठेतरी उडी दिसते, आणि ७० चं पाणी गडद असतं. उडी नेमकी कुठे आहे हे पाहायचं असेल तर ४५ आणि ५५ अंशांवर आणखी दोन फेऱ्या करा. ७० च्या वाटीला रंग थोडा तपकिरी दिसला तर बीटानिनच उष्णतेने मोडू लागलंय असं समजा. म्हणूनच बुडवण्याचा वेळ दोन मिनिटांपेक्षा जास्त वाढवू नये.

मग हे प्रवाहीपणामुळे का नाही?

वाट्यांतलं पाणी थंड होतं, हे लक्षात घ्या. ६० अंशांना बुडवलेला तुकडा वाटीत पडल्यावर मिनिटभरात खोलीच्या तापमानाला आला, तरी पुढची वीस मिनिटं रंग गळतच राहिला. गळतीचं कारण निव्वळ प्रवाहीपणा असता, तर निवल्याबरोबर ती थांबायला हवी होती. इथे झालंय ते कायमचं नुकसान. पटलातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडल्या, त्यांच्याभोवतीचा लिपिडचा थर विस्कटला, आणि तो पुन्हा सांधला गेला नाही. यात प्रथिनांचा वाटा किती आणि लिपिडचा किती हे मात्र या प्रयोगातून वेगळं करता येत नाही.

उलट ५ ते ४० अंशांच्या टप्प्यात प्रवाहीपणा खरोखर वाढतो, आणि रंग मात्र जवळपास जागचा हलत नाही. प्रवाही पटल म्हणजे भोकं पडलेलं पटल नव्हे. लिपिडचे रेणू आपल्या थरातल्या थरात सरकतात, एका सेकंदात एखादा मायक्रोमीटर सहज. पण तेलकट गाभा अखंडच राहतो.

प्रथिनंही अशीच सरकतात हे फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्ये दाखवलं. उंदराची आणि माणसाची पेशी जोडून त्यांनी दोन्हींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केल्या. ३७ अंशांना सुमारे ४० मिनिटांत रंग मिसळून गेले, १५ अंशांखाली मात्र मिसळणं जवळपास थांबलं. प्रवाहीपणावर तापमानाचा परिणाम पाहायचा तर असं काहीतरी मोजावं लागतं. सगळीच प्रथिनं मोकळी नसतात, हेही खरं. तांबड्या रक्तपेशीत बरीच प्रथिनं आतल्या जाळीला बांधलेली असतात.

किती अंशांना पटल घट्ट होणार हे लिपिडच्या शेपट्या ठरवतात. थंडीत खोबरेल तेल गोठतं आणि शेंगदाणा तेल पातळ राहतं, त्यामागेही हेच आहे: संपृक्त मेदाम्लांच्या सरळ शेपट्या एकमेकींना चिकटून बसतात, असंपृक्तांच्या वाकड्या शेपट्यांना तसं बसता येत नाही. १६ कार्बनच्या दोन संपृक्त शेपट्या असलेलं फॉस्फोलिपिड (डीपीपीसी) ४१ अंशांखाली घट्ट जेलसारखं होतं. १८ कार्बनच्या, पण प्रत्येकी एक वाकडा दुहेरी बंध असलेल्या शेपट्यांचं (डीओपीसी) शून्याच्या बरंच खालीही द्रवच राहतं.

कोलेस्टेरॉलचं काम इथे समजतं. त्याची चार कड्यांची ताठ चौकट शेपट्यांच्या शेजारी बसते आणि हायड्रॉक्सिल टोक डोक्यांजवळ राहतं. डीपीपीसीमध्ये ते मिसळलं, तर ४१ अंशांच्या वर ही चौकट शेजारच्या शेपट्यांची वळवळ कमी करते, आणि ४१ च्या खाली तीच चौकट मध्ये आल्याने शेपट्यांना घट्ट रचून बसता येत नाही. प्रमाण वाढवत गेलं की वितळण्याचा ठळक बिंदू पसरट होत होत नाहीसा होतो. ‘कोलेस्टेरॉल पटल घट्ट करतं’ हे वाक्य म्हणूनच तापमान सांगितल्याशिवाय अपुरं आहे. बीटमध्ये कोलेस्टेरॉल नगण्य असतं, तिथे सिटोस्टेरॉलसारखी वनस्पतींची स्टेरॉल साधारण हेच काम करतात.

थंडीची बाजू

फ्रीजरच्या तुकड्यांचा रंग सुटला तोही लिपिड गोठल्यामुळे असं लिहू नका. तिथे मुख्यतः बर्फाचे स्फटिक पटलं फाडतात. ५ अंशांना बीटला काहीच होत नाही, कारण ते थंड हवामानाचं पीक आहे.

थंडीने पटल बिघडल्याचं पाहायचं असेल तर एक पिवळं केळं फ्रिजमध्ये आणि त्याच फणीतलं दुसरं बाहेर ठेवा. केळं उष्ण प्रदेशातलं, त्याची पटलं साधारण १३ अंशांखाली नीट काम करेनाशी होतात, म्हणून जळगावची केळी दूर पाठवताना कंटेनर १३-१४ अंशांवर ठेवतात. फ्रिजमधल्या केळ्याची साल दोन-तीन दिवसांत काळी पडते. पटलं गळू लागली की रिक्तिकेतली फिनॉल संयुगं आणि बाहेरचं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकत्र येतात आणि तपकिरी रंग तयार होतो. आतला गर मात्र बहुधा पांढरा आणि घट्टच सापडतो, त्यामुळे प्रयोग संपल्यावर केळं टाकायची गरज नाही.