लंज, स्टेप-अप आणि स्प्लिट स्क्वॉट: कमी खाण्याच्या काळातील तयारी

आधी जागा पाहावी. भिंतीलगत दीड-दोन मीटर मोकळी जमीन पुरते. मात्र गुळगुळीत फरशीवर मोजे घालून हे व्यायाम करू नयेत, अनवाणी पाय अधिक सुरक्षित. स्टेप-अपसाठी इमारतीच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी घ्यावी. प्लास्टिकची खुर्ची किंवा सरकणारा पाट पायरी म्हणून मुळीच वापरू नये.

सुरुवात लंजने, म्हणजे एक पाऊल टाकून गुडघे वाकवत खाली जाण्याच्या व्यायामाने, करण्याचा मोह टाळावा, कारण त्यात तोल सांभाळणे आणि जोर लावणे ही दोन्ही कामे एकदम अंगावर येतात. स्प्लिट स्क्वॉटमध्ये एक पाय पुढे व एक मागे ठेवून खाली-वर होताना पावले जागची हलत नाहीत, म्हणून तो पहिला. पावलांमधील अंतर अंदाजाने ठरवू नये: टॉवेलच्या घडीवर एक गुडघा टेकून, दोन्ही गुडघे काटकोनात येतील असे बसावे आणि पुढच्या टाचेची व मागच्या चवड्याची जागा खडूने आखून घ्यावी. दोन्ही पावले एका रेषेत आली तर तोल जाणारच; त्यांच्यात कमरेइतकी रुंदी हवी. भिंतीला बोटे टेकवण्यात कमीपणा नाही. पुढची टाच उचलली जात असेल, तर अंतर कमी पडते आहे असे समजावे.

स्टेप-अपमध्ये संपूर्ण पाऊल पायरीवर ठेवावे आणि खालच्या पायाने उडी घेऊ नये. ती चोरी ओळखण्यासाठी खालच्या पायाची बोटे वर उचलून धरावीत. मग सारा भार वरच्या पायावरच येतो. उतरताना मनात तीन आकडे मोजावेत. हे दोन्ही स्थिर झाल्यावर लंज सुरू करावा, तोही पाय मागे टाकून. पुढे टाकलेले पाऊल थोपवताना गुडघ्यावर अधिक ताण येतो.

आता आहार. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी घेणाऱ्याचे शरीर थकव्यातून सावकाश सावरते, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, प्रत्येक व्यायामाचे प्रत्येक पायाने आठ-आठचे दोन सेट पुरेत, आणि प्रत्येक सेट आणखी दोन वेळा जमेल अशा वेळी थांबवावा. वजन ६० किलो असेल, तर दिवसाला सुमारे ९५ ग्रॅम प्रथिने हवीत. वरण-भातावर ती भागत नाहीत. ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून साधारण २५ आणि १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम मिळतात, उरलेली डाळ, दही, अंडी यांतून भरून काढावीत.

आठाचे बारा सहज होऊ लागले, की पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या घालाव्यात, म्हणजे दोन किलो भार वाढला. उलट सलग दोन आठवडे एका सेटमध्ये जमणाऱ्या वेळांचा आकडा घसरत गेला, तर व्यायाम वाढवू नये. खाण्यातील कपात निम्मी करावी. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतात आणि सुजेमुळे पाणी साचून काट्यावर वजन थोडे वाढलेलेही दिसते, तेवढ्यावरून जेवण आणखी तोडू नये. सांध्यात टोचणारी कळ किंवा गुडघ्याला सूज आली, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे.