पगार आठला, एसआयपी पाचला: पहिल्या नोकरीतल्या या चुका टाळा (व्हिडिओची संहिता)

पडद्यावर: बँकेचं स्टेटमेंट, एका ओळीवर गोल.

ही ओळ नीट बघा. 'ACH' किंवा 'NACH' आणि पुढे 'RTN' असं काही दिसलं, तर तुमच्या एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा जाणाऱ्या रकमेचा, हप्ता परत गेलाय. फंड चालू आहे, ॲपही चालू आहे, फक्त खात्यात पैसे नव्हते.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका नव्या कामगाराचं उदाहरण धरू. पगार 18,000, तो जमा होतो आठ तारखेला. एसआयपी 2,000 रुपयांची, तारीख पाच, कारण ॲपने आधीच तीच भरून ठेवली होती. पाच तारखेला खात्यात उरलेत 600. हप्ता परत! फंड कंपनी यासाठी दंड लावत नाही, बँक लावते. तो बँकेगणिक वेगळा असतो. समजा 300 असेल, तर 18 टक्के जीएसटी धरून 354 रुपये गेले. एका हप्त्याच्या जवळजवळ 18 टक्के रक्कम एका दिवसात! एवढं नुकसान भरून काढायला चांगल्या फंडालाही बराच काळ लागेल.

मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती आपोआप बंद होते. आधी घेतलेली युनिट्स मात्र तशीच राहतात. आणि हे कर्ज नाही, त्यामुळे सिबिल स्कोअरची धास्ती घेऊ नका.

पडद्यावर: कॅलेंडर, 8 आणि 12 वर खूण.

उपाय तारखेचा आहे. पगार आठला होत असेल तर एसआयपी बाराला ठेवा. पगार एखाद-दोन दिवस लांबला तरी चालतं. बाराला सुट्टी आली तर हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी जातो.

तारीख बदलताना मुलं हमखास गोंधळतात. बऱ्याच ॲपमध्ये तारीख थेट बदलता येत नाही. जुनी एसआयपी रद्द करून त्याच फोलिओत, म्हणजे फंडाकडच्या तुमच्या त्याच खात्यात, नवी सुरू करावी लागते. जुनी रद्द न करता नवी सुरू केली, तर एकाच महिन्यात दोन हप्ते जातात. दुसरे काहीजण बँकेत जाऊन फक्त मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, बंद करतात. मग फंडाकडे एसआयपी जिवंतच राहते आणि हप्ता पुन्हा परत जातो. म्हणून आधी एसआयपी रद्द करा, ती रद्द झाल्याचा मेसेज येऊ द्या, आणि मगच मॅन्डेटला हात लावा. चार तारखेच्या रात्री 'Pause' दाबून पाचचा हप्ता थांबत नाही. मागणी तोवर बँकेकडे गेलेली असते.

नोकरी बदलली, नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत पगार खातं उघडलं, तर एसआयपी जुन्याच खात्यातून पैसे मागत राहते. नव्या खात्याचं मॅन्डेट मंजूर होऊन एसआयपी त्याला जोडली जाईपर्यंत जुन्या खात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम ठेवा. वडिलांचं खातं जोडू नका, पैसे गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच जावे लागतात.