मॅनेजरची भूमिका ओळखताना मार्क कुठे जातात: या चुका टाळा

व्यवस्थापनाच्या पेपरात मॅनेजरच्या दहा भूमिकांवर प्रश्न असा येतो: ‘जिनिंगच्या मॅनेजरने सकाळी बाजार समितीत फोन लावून आज कापसाच्या किती गाड्या आल्या ते विचारले. ही कोणती भूमिका?’ पर्याय चार: लीडर, लायझन, मॉनिटर, स्पोक्सपर्सन. फोन बाहेरच्या माणसाला लावला म्हणून बरीच पोरं लायझनवर टिक करतात आणि मार्क तिथंच जातो. उत्तर मॉनिटर आहे, कारण फोन ठेवल्यावर मॅनेजरच्या हाती आली ती माहिती. हाच मॅनेजर तालुक्यातल्या जिनिंगवाल्यांच्या बैठकीला नेमाने जातो, ओळखी टिकवून ठेवतो, असं वाक्य असतं तर लायझन बरोबर होतं.

या भूमिका व्यवस्थापनाचा अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग याच्या. त्याने पाच मुख्य अधिकाऱ्यांच्या मागे प्रत्येकी एक आठवडा राहून त्यांचं काम टिपलं आणि १९७३ मध्ये दहा भूमिका मांडल्या. परस्परसंबंधाच्या तीन: फिगरहेड, लीडर, लायझन. माहितीच्या तीन: मॉनिटर, डिसेमिनेटर, स्पोक्सपर्सन. निर्णयाच्या चार: आंत्रप्रेन्योर, डिस्टर्बन्स हँडलर, रिसोर्स अलोकेटर, निगोशिएटर. पाठांतर सगळ्यांचंच असतं. चूक होते ती ‘कोणाशी बोलला’ एवढंच पाहिल्यामुळे. आधी पाहायचं ते हे, की त्या कामातून काय निघालं: संबंध, माहिती की निर्णय. गट ठरला की मग त्यातल्या तीन-चार नावांत निवड करायची.

आता खरेदीच्या मुहूर्ताचा दिवस घ्या. मॅनेजर पहिल्या गाडीची पूजा करतो आणि शेतकऱ्याला शेला-नारळ देतो. हा फिगरहेड. पदावर आहे म्हणून करावं लागतं, त्यात ठरवायचं काही नाही. नेहमीच्या कायदेशीर कागदांवरची सहीसुद्धा इथंच बसते. ‘सही’ शब्द दिसला की निर्णयाच्या गटाकडे धावू नका. मुहूर्ताचा भाव व्यापाऱ्यांशी घासाघीस करून ठरवला असेल, तर मात्र तो निगोशिएटर.

दुपारी तो ग्रेडर आणि हमालांना सांगतो की १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या हमीभाव खरेदीत चालत नाही, तशी गाडी वेगळी उभी करा. हा डिसेमिनेटर. तीच गोष्ट तो आवारात गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यांना सांगतो, तेव्हा स्पोक्सपर्सन होतो. शेतकरी गेटच्या आत उभा असला तरी संस्थेचा माणूस नाही. इथं भिंत मोजायची नाही, ऐकणारा आपल्या माणसांपैकी आहे का ते पाहायचं. संचालक मंडळापुढे हंगामाचा आढावा मांडणं पाठ्यपुस्तकांत स्पोक्सपर्सनमध्ये धरलेलं दिसतं, हेही ध्यानात असू द्या. ‘मंडळ तर आपलंच’ म्हणून इथं हमखास चूक होते.

सगळ्यात जास्त घोळ निर्णयाच्या गटात होतो. कापसाच्या गंजीला अचानक आग लागली, मॅनेजरने मशिनी बंद करवल्या, अग्निशमन दलाला बोलावलं आणि गाड्या बाहेर काढल्या: डिस्टर्बन्स हँडलर. आठवड्याने त्याने पुढच्या हंगामासाठी आवारात पाण्याची नवी लाइन टाकायची योजना हाती घेतली: आंत्रप्रेन्योर. विषय आगीचाच आहे, पण पहिल्या वेळी संकट अंगावर आलं, दुसऱ्या वेळी बदल त्याने स्वतःहून आणला. आंत्रप्रेन्योर म्हणजे मालक, हा समज सोडा. पगारी मॅनेजरही ही भूमिका करतो. त्या लाइनला किती पैसे द्यायचे आणि नव्या मशिनीला किती, ही वाटणी केली की तो रिसोर्स अलोकेटर.

हमालांनी भर दुपारी काम थांबवलं, हा प्रश्न तर फसवाच. ‘थांबलेलं काम तातडीने सुरू केलं’ एवढंच लिहिलं असेल तर डिस्टर्बन्स हँडलर. ‘हमालांच्या प्रतिनिधींसोबत बसून क्विंटलमागे दर ठरवला’ असं असेल तर निगोशिएटर. दोन्ही एकाच वाक्यात आले तर क्रियापदाचा जोर कशावर आहे ते बघा. काही प्रश्न खरोखरच ढिले काढलेले असतात, आणि त्यात दोष पूर्णपणे पेपर काढणाऱ्याचाही नाही: या भूमिका एकमेकींत गुंतलेल्या असतात, सुट्या काढता येत नाहीत, असं मिंट्झबर्गचंच म्हणणं होतं.

जोड्या लावायच्या प्रश्नात याचा उपयोग होतो. फिगरहेड आणि रिसोर्स अलोकेटर सहसा स्पष्ट दिसतात, ते आधी लावा. लायझन-मॉनिटर ही जोडी शेवटी ठेवा. दोन्ही वाक्यांत बाहेरचा माणूस असला, तर ज्यात आकडा, भाव किंवा बातमी हाती आली ते मॉनिटरला द्या, उरलेलं लायझनला.