रेकॉर्डिंग केलेला मोबाईल विकू नका
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "राजीनामा दे, नाहीतर काढतो." तुम्ही तिथं हजर असताना ते रेकॉर्ड केलं, तर केवळ गुपचूप केलं म्हणून कोर्ट तो पुरावा सहसा नाकारत नाही. कंपनीच्या नियमात बंदी असेल तर खात्याची चौकशी मात्र मागे लागू शकते. मूळ फाइल त्याच मोबाईलमध्ये ठेवा, कापाकापी नको. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकानं काढलेली तिची ओळखखूण, लिहावी लागते. एक सेकंद कापला तरी ती बदलते. कंपनीच्या ईमेलचं म्हणाल तर अख्खा मेलबॉक्स घरच्या जीमेलवर पाठवू नका, उलट तुमच्यावरच ठपका येईल. हव्या त्या ईमेलची तारीख आणि विषय टिपून ठेवा, ते ईमेल वकिलामार्फत कोर्टातून मागवा.