‘उतारा’ला इंग्रजीत काय म्हणतात? मराठी–इंग्रजी कोशातली नोंद कशी वाचावी

सातबारा उतारा जोडून एका इंग्रजी अर्जात ‘माझ्या जमिनीचा उतारा सोबत जोडला आहे’ एवढंच लिहायचं आहे. कोश उघडला की ‘उतारा’पुढे पॅसेज, एक्स्ट्रॅक्ट, अँटिडोट असे शब्द दिसतात. कोशानुसार त्यांचा क्रम बदलतो, म्हणून पहिला दिसेल तो शब्द उचलणं धोक्याचं असतं. नोंद कशी वाचायची ते याच शब्दावर पाहू.

आधी आपण योग्य नोंदीवर आहोत का, ते तपासा. कोशात शब्द मूळ रूपात असतो, वाक्यात मात्र त्याचं सामान्यरूप येतं. ‘उताऱ्यावर सही करा’ यातला मूळ शब्द ‘उतारा’ आहे, तर ‘गाडी उतारावर घसरली’ यातला ‘उतार’. दोन्ही नोंदी कोशात जवळजवळ असतात. चुकीची पकडली, तर दस्तऐवजाच्या जागी डोंगराचा उतार येतो. प्रत्ययाआधी ‘ऱ्या’ दिसला तर ‘उतारा’, साधा ‘रा’ दिसला तर ‘उतार’. जुन्या कोशात शुद्धलेखनही वेगळं असतं. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे. त्यात क्रियापदं ‘करणें’ अशी अनुस्वारासह आहेत. ‘करणे’ हे आजचं बिनअनुस्वाराचं लेखन १९६२च्या नियमांनंतर रूढ झालं.

आता सगळी नोंद शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक अर्थाला मराठीतच एकेक वाक्य जोडा. ‘पुढील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.’ ‘तलाठ्याकडून उतारा आणला.’ ‘या विषावर उतारा नाही.’ ‘तिठ्यावर उतारा टाकला.’ आपलं वाक्य कोणत्या गटात बसतं, हे इंग्रजी शब्दांकडे बघण्याआधी ठरवा. आपला उतारा नोंदवहीतून काढून घेतलेला आहे, म्हणून तो दुसऱ्या गटातला. विरामचिन्हंही इथे मदत करतात. बहुतेक कोशांत स्वल्पविरामाने जोडलेले शब्द जवळच्या अर्थाचे असतात, अर्धविरामानंतर अर्थ थोडा सरकतो आणि नवा आकडा आला की वेगळा अर्थ सुरू होतो. आपल्या कोशाची पद्धत प्रस्तावनेत दिलेली असते. संक्षेपांची यादीही तिथेच सापडते.

चौथ्या वाक्यातला उतारा, म्हणजे आजाऱ्यावरून ओवाळून टाकलेला भात, लिंबू किंवा नारळ, इंग्रजीत एका शब्दात मावत नाही. अशा ठिकाणी कोशकार प्रतिशब्द न देता वर्णन देतो. ते वर्णन समजून घेण्यासाठी असतं. ते जसंच्या तसं वाक्यात चिकटवलं की वाक्य मोडतं. तिथे मराठी शब्द ठेवून एकदाच अर्थ सांगणं बरं.

मग खुणा पाहा. ‘कायदा’, ‘वैद्यक’, ‘बोली’, ‘काव्य’, ‘लाक्षणिक’ अशा खुणा कुठे छापल्या आहेत, याला महत्त्व आहे. पहिल्या आकड्याच्या आधी असलेली खूण सहसा सगळ्या नोंदीला लागू होते, आकड्यानंतरची फक्त त्या अर्थाला. खूण प्रतिशब्दाला चिकटून असेल, तर ती त्या इंग्रजी शब्दाबद्दल सांगते, मराठी शब्दाबद्दल नाही. ‘अँटिडोट’चा मूळ अर्थ विषावरचा उपाय असला, तरी लाक्षणिक अर्थानेही तो चालतो, त्यामुळे ‘कंटाळ्यावर उतारा’ लिहितानाही उपयोगी पडतो. खूण नाही म्हणून शब्द निर्धास्त वापरता येतो असं नाही. १८५७ साली रोजच्या वापरात असलेल्या इंग्रजी शब्दाला ‘कालबाह्य’ अशी खूण तेव्हा कोण लावणार? जुन्या कोशातून मराठी शब्दाचा अर्थ घ्यावा, इंग्रजी शब्द मात्र आजच्या कोशात पडताळून पाहावा.

नवशिके उदाहरणं सर्वांत आधी वगळतात, आणि नेमका तोटा तिथेच होतो. शब्दासोबत काय येतं, हे उदाहरणच सांगतं. मोल्सवर्थ अनेक नामांपुढे ‘व्ही’ हे इंग्रजी अक्षर देऊन कोणती क्रियापदं जोडतात ते सांगतो. हाच प्रश्न इंग्रजी शब्दालाही विचारायचा: ‘एक्स्ट्रॅक्ट’नंतर कोणतं शब्दयोगी येतं? पुस्तकातला किंवा नोंदवहीतला भाग असेल तर ‘फ्रॉम’ येतं. ‘अँटिडोट’नंतर बहुधा ‘टू’ येतं. मराठीतल्या ‘वर’चं भाषांतर म्हणून ‘ऑन’ लिहिलं की चूक होते.

शेवटी निवडलेला शब्द उलट दिशेने शोधा. इंग्रजी–मराठी कोशात ‘एक्स्ट्रॅक्ट’ पाहिला तर उतारा, अर्क, उपटून काढणे असे अर्थ मिळतात. उतारा परत भेटला, म्हणजे वाट बरोबर आहे. अर्क आणि उपटणे आपल्या वाक्यात शिरणार नाहीत ना, हे संदर्भावरून तपासा: जमिनीच्या कागदपत्रांबद्दल बोलताना ते शिरत नाहीत. ‘पॅसेज’ उलटा शोधला तर परिच्छेद, वाट, बोळ असे अर्थ येतात. दस्तऐवजाची प्रत त्यात नसते. म्हणून परीक्षेतल्या उताऱ्याला ‘पॅसेज’ आणि अर्जाला जोडलेल्या सातबाऱ्याला ‘एक्स्ट्रॅक्ट’. सातबाऱ्यासाठी इंग्रजी कागदपत्रांतही हाच शब्द रूढ आहे.